३० ऑगस्टची ठेव, १८ महिने १० दिवस: एकाच पावतीच्या चार तारखा

महाशिवरात्रीची संध्याकाळ होती, २६ फेब्रुवारी २०२५. सुट्टी असल्यामुळे शेजारचा मुलगा घरीच होता. मोबाइल हातात घेऊन तो माझ्याकडे आला. बहिणीचं लग्न एप्रिलमध्ये ठरलेलं आणि मंगल कार्यालयाला अडीच लाखांचा चेक त्यानं महिन्यापूर्वीच देऊन ठेवलेला. चेकवर तारीख होती ३ मार्च. पैसे यायचे होते आईच्या नावावरच्या मुदत ठेवीतून. "काका, जरा एवढं बघून द्या," म्हणाला, "मी काढलेली तारीख आणि ऑफिसातल्या मित्रानं काढलेली तारीख जुळत नाहीये."

मी बँकेत ठेवींच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत. माझा पहिला प्रश्न अर्थातच हा होता की तारीख काढायची कशाला, पावतीवर ती छापलेली असते. अडचण तिथंच होती. मूळ पावती गावी, आईच्या कपाटात. त्याच्याकडे होता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पावतीचा फोटो, तोही खालून कापला गेलेला. फोटोत एवढंच वाचता येत होतं: रक्कम ३,००,००० रुपये, ठेवीची तारीख ३०-०८-२०२३, मुदत १८ महिने १० दिवस, व्याजदर ७ टक्के, व्याज मुदतीअंती. मुदत संपण्याची तारीख आणि मिळणारी रक्कम फोटोच्या बाहेर राहिली होती.

त्याचा स्वतःचा हिशोब असा. महिन्याचे तीस दिवस, म्हणून १८ गुणिले ३० म्हणजे ५४०, अधिक १०, एकूण ५५० दिवस. मोबाइलमधल्या तारीख मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ३० ऑगस्ट २०२३ टाकून ५५० दिवस पुढे गेला, तर २ मार्च २०२५ आली. तो रविवार. म्हणून पैसे सोमवारी मिळणार असं धरून त्यानं चेकवर ३ मार्च घातली. पुढं शंका आली म्हणून मित्राला विचारलं. मित्रानं एक्सेलमध्ये १२ मार्च काढून दिली. मग यानं स्वतः एक्सेल उघडून वेगळ्या पद्धतीनं केलं, तर ९ मार्च आली. एकाच ठेवीच्या तीन तारखा घेऊन तो माझ्यासमोर बसला होता, आणि तिन्ही चुकीच्या होत्या.

मी कागद घेतला. ३० ऑगस्ट २०२३ पासून १८ महिने पुढे जायचं. बारा महिन्यांनी ३० ऑगस्ट २०२४, आणखी सहा महिन्यांनी ३० फेब्रुवारी २०२५. ही तारीखच अस्तित्वात नाही. अशा वेळी त्या महिन्याचा शेवटचा दिवस घ्यायचा, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२५. मग १० दिवस मोजायचे: १ मार्च हा पहिला, २ मार्च दुसरा, असं करत १० मार्च हा दहावा. ठेवीची मुदत १० मार्च २०२५ रोजी संपते. सोमवार.

कागदावर हे चार ओळींत झालं. पण त्याला ते पटेना, कारण ५५० दिवसांच्या हिशोबात चूक नेमकी कुठं आहे ते त्याला दिसत नव्हतं. म्हणून एकेक तारीख घेऊन बसलो.

२ मार्चची चूक सगळ्यांत जास्त लोक करतात. महिना म्हणजे तीस दिवस, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण मुदतीत 'महिने' लिहिलेले असतात तेव्हा बँक कॅलेंडरचे महिने धरते: या तारखेपासून पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखेपर्यंत. मधल्या महिन्यांत ३१ दिवसांचे महिने जास्त आले तर दिवस वाढतात, फेब्रुवारी आला तर कमी होतात, बँकेला त्याचं काही नसतं. इथं ३० ऑगस्ट २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या वर्षात २९ फेब्रुवारी येऊन गेला, म्हणून ते ३६६ दिवस. तिथून २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत १८२ दिवस. झाले ५४८. त्यात वरचे दहा मिळवले की ५५८. त्यानं धरले होते ५५०. आठ दिवसांचा हा फरक तीस-तीसच्या गुणाकारातून आला, आणि चेकची तारीख त्यावरच बेतलेली होती.

याच्या उलट चूकही होते, तीही इथंच सांगून ठेवतो. काही ठेवी फक्त दिवसांत असतात, उदाहरणार्थ ४०० किंवा ४४४ दिवसांच्या खास योजना. त्यांचे महिने करायला जाऊ नये. हीच ठेव ४४४ दिवसांची असती तर ती सरळ ४४४ दिवस मोजून १६ नोव्हेंबर २०२४ ला संपली असती. तीसनं भागून तिचे '१४ महिने २४ दिवस' केले तर २३ नोव्हेंबर येते, म्हणजे आठवडाभर पुढे. पावतीवर जे एकक छापलंय त्याच एककात मोजायचं.

आता ९ मार्च. ही चूक बारीक आहे आणि बघणाऱ्याला पटकन खरीही वाटते. त्यानं आधी १० दिवस मिळवले, मग १८ महिने. ३० ऑगस्ट अधिक १० दिवस म्हणजे ९ सप्टेंबर २०२३, आणि तिथून १८ महिने म्हणजे ९ मार्च २०२५. बेरीज कुठूनही केली तरी उत्तर तेच यायला हवं, असं आपलं शाळेतलं गणित सांगतं. तारखांना ते लागू पडत नाही, कारण महिन्याची लांबी तुम्ही कुठल्या महिन्यात उभे आहात त्यावर ठरते. ठेवीची तारीख महिन्याच्या मध्यावर असेल आणि दिवस मिळवताना महिना ओलांडला जात नसेल, तर दोन्ही क्रमांनी सहसा एकच तारीख येते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, आणि २९, ३०, ३१ तारखेच्या ठेवीवर मात्र उघडी पडते.

पण आधी महिनेच का? हा प्रश्न त्यानं विचारला आणि तो योग्य होता. याचं उत्तर व्याजाच्या हिशोबात आहे. आपल्याकडच्या बँका मुदतीअंती व्याज देणाऱ्या ठेवीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ धरतात. १८ महिने म्हणजे पूर्ण सहा तिमाह्या. त्या संपतात २८ फेब्रुवारीला. उरलेले १० दिवस हे 'तुटक दिवस'. त्यांच्यावर, सहा तिमाह्यांनंतर जी रक्कम झाली असेल तिच्यावर, ३६५ दिवसांच्या वर्षाच्या हिशोबानं सरळ व्याज लागतं. महिने आधी आणि दिवस मागून, हा क्रम त्या मांडणीतूनच येतो. दिवस आधी धरले तर पहिली तिमाही कुठून सुरू झाली म्हणायची?

आकडे घालून दाखवले तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला. तीन लाखांवर ७ टक्क्यांनी एका तिमाहीचं व्याज पावणेदोन टक्के. सहा तिमाह्यांनी होतात ३,३२,९१० रुपये ७१ पैसे. त्यावर दहा दिवसांचं व्याज ६३८ रुपये ४६ पैसे. एकूण ३,३३,५४९ रुपये. पुढं गावाहून पावतीचा पूर्ण फोटो आला, तेव्हा त्यावर तारीख १०-०३-२०२५ आणि रक्कम हीच छापलेली होती. तारीख बरोबर काढली आहे की नाही हे तपासायचा हा चांगला मार्ग आहे: तुमच्या तारखेनं येणारी रक्कम पावतीवरच्या रकमेशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. इथं एका दिवसाला साधारण ६४ रुपये पडतात, त्यामुळे एक दिवस इकडंतिकडं झाला तरी आकडा बोलतो.

मित्राची १२ मार्च मात्र मला आधी कळेना. मग त्यानं फॉर्म्युलाच मागवून घेतला. A2 मध्ये ठेवीची तारीख होती. त्याचा, याचा आणि बरोबर असलेला, असे तिन्ही खाली देतो:

```
=DATE(YEAR(A2),MONTH(A2)+18,DAY(A2)+10)   12-03-2025
=EDATE(A2+10,18)                          09-03-2025
=EDATE(A2,18)+10                          10-03-2025
```

पहिल्या ओळीत एक्सेलला 'फेब्रुवारी २०२५ ची ४० तारीख' विचारली जाते. एक्सेल तक्रार करत नाही. फेब्रुवारीचे २८ दिवस संपवून उरलेले १२ मार्चमध्ये टाकतं. म्हणजे ३० फेब्रुवारी नाही म्हणून मागे यायच्या ऐवजी ते दोन दिवस पुढे सांडतात. `EDATE` चं काम नेमकं बँकेसारखं आहे: ती तारीख नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबायचं. म्हणून तिसरी ओळ बरोबर, पण त्यातही `+10` कंसाच्या बाहेर हवं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत तेवढाच फरक आहे. उत्तराच्या जागी ४५७२६ असा आकडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, त्या सेलला तारखेचं स्वरूप द्यायचं राहिलेलं असतं.

हातानं मोजणाऱ्यांची एक खास अडचणही सांगायला हवी. काही जण बोटांवर एकेक महिना पुढे सरकतात: सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३०, असं करत फेब्रुवारीत २८ ला पोचतात. मुदत तिथंच संपत असेल तर बिघडत नाही. पण मुदत १९ महिन्यांची असती तर ते २८ फेब्रुवारीवरून २८ मार्चला गेले असते, आणि बरोबर तारीख आहे ३० मार्च. फेब्रुवारीत कापली गेलेली तारीख पुढं कायमची कापलेली राहते. सगळे महिने मूळ तारखेपासून एका उडीत मिळवायचे आणि शेवटी जिथं पोचलात त्या महिन्यात ती तारीख आहे का ते पाहायचं. मधल्या फेब्रुवारीकडे बघायचंसुद्धा नाही. २०२४ चं लीप वर्ष या ठेवीच्या पोटात होतं, पण तारखेवर त्याचा काही परिणाम झाला नाही, तो याच कारणानं.

दिवस मोजतानाही एक घोटाळा होतो. २८ फेब्रुवारी हाच पहिला दिवस धरला तर दहावा दिवस ९ मार्च येतो. काउंटरवर यावरून वाद झालेले मला आठवतात. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ज्या दिवशी पैसे ठेवले त्या दिवसाचं व्याज मिळतं, ज्या दिवशी मुदत संपते त्या दिवसाचं मिळत नाही. म्हणून वर्षाची ठेव १ जानेवारीला ठेवली तर ती ३१ डिसेंबरला नाही, पुढच्या १ जानेवारीला संपते. मोजणी नेहमी दुसऱ्या दिवसापासून सुरू करायची.

बोलता बोलता मी त्याला एक गंमत वाटेल अशी गोष्ट दाखवली, ती मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा त्याच्या आईनं ही ठेव ३० ऐवजी २८ ऑगस्टला ठेवली असती. १८ महिन्यांनी २८ फेब्रुवारी, अधिक १० दिवस, १० मार्च. २९ ऑगस्टला ठेवली असती तरी १० मार्च. ३१ ऑगस्टला, तरीही १० मार्च. चार वेगवेगळ्या दिवशी ठेवलेल्या चार ठेवी एकाच दिवशी संपतात, आणि तिमाहीच्या हिशोबानं चौघांना रक्कमही सारखीच मिळते. २८ तारखेवाल्याचे पैसे ५६० दिवस बँकेत राहतात, ३१ तारखेवाल्याचे ५५७. कुणावर अन्याय होतो असं म्हणायला फार थोडे रुपये आहेत, पण 'नेमके दिवस मोजले की बँकेची तारीख येईल' ही समजूत किती चुकीची आहे ते यातून स्वच्छ दिसतं.

उलट दिशेनं मात्र असं होत नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला सहा महिन्यांसाठी ठेवलेली ठेव सर्वसाधारणपणे २८ ऑगस्टलाच संपते. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस होता म्हणून ऑगस्टचा शेवटचा दिवस, असं कुणी धरून चालू नये. महिनाअखेरच्या ठेवीत बँकेच्या संगणकप्रणालीनुसार एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, आणि तसं झालं तर पावतीवर छापलेली तारीख हीच खरी. आपण काढलेली तारीख पावती हातात नसताना उपयोगी, किंवा पावती मिळाल्याबरोबर ती ताडून बघायला.

सुट्टीचा प्रश्न त्यानं आधीच अर्धवट धरला होता: रविवार आला तर सोमवारी पैसे. ते बरोबर आहे, पण त्यात एक भर आहे. मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मधल्या दिवसांचं व्याजही ठरलेल्या दरानं मिळतं. हीच ठेव बरोबर एक वर्ष आधी, ३० ऑगस्ट २०२२ ला ठेवली असती, तर १८ महिन्यांनी २९ फेब्रुवारी २०२४ आणि दहा दिवसांनी १० मार्च २०२४ आली असती. तो रविवार होता. पैसे ११ तारखेला मिळाले असते, एका दिवसाच्या व्याजासकट. म्हणजे मुदतीची तारीख बदलत नाही, फक्त पैसे मिळण्याचा दिवस सरकतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारीही बँका बंद असतात, हे अनेक जण विसरतात.

तर तारीख ठरली १० मार्च, आणि चेक होता ३ मार्चचा. सात दिवस कसे भरून काढायचे हा खरा प्रश्न तिथून सुरू झाला. त्याचा पहिला विचार ठेव मोडायचा. मी म्हटलं, थांब, आधी आकडा बघ. ३ मार्चला मोडली तर ठेव १८ महिने ३ दिवस चाललेली असेल. त्याच्या बँकेत मुदतीपूर्वी मोडण्याचा दंड १ टक्का होता, म्हणजे पूर्ण काळाचं व्याज ७ ऐवजी ६ टक्क्यांनी. हातात येतात ३,२८,१९५ रुपये. मुदतीअंती मिळणाऱ्या रकमेपेक्षा ५,३५४ रुपयांनी कमी. सात दिवसांसाठी एवढी किंमत. दंड शेवटच्या आठवड्यावर बसत नाही, सगळ्या दीड वर्षावर बसतो, म्हणून मुदत जवळ आलेली असताना ठेव मोडणं सर्वांत महाग पडतं.

दुसरा मार्ग ठेवीवर कर्ज. त्याची बँक ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देत होती, दर ठेवीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे ९ टक्के. तीन लाखांवर दोन लाख सत्तर हजार मिळू शकत होते आणि लागणार होते अडीच. सात दिवसांचं व्याज ४३२ रुपये. ठेव आईच्या नावावर असल्यामुळे सही तिचीच हवी, हा एक अडसर होता. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला चेक आठवडाभर थांबवायची विनंती करणं हा तिसरा मार्ग. तो फुकटचा, म्हणून आधी तोच करायला सांगितला. पण त्यांनी स्वयंपाकी आणि मांडववाल्यांना पुढचे शब्द दिलेले होते. ते थांबायला तयार झाले नाहीत.

२७ तारखेच्या सकाळी तो गावी गेला. आईला घेऊन शाखेत गेला, मूळ पावती दिली, कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या. जाताना मी त्याला एक गोष्ट बजावून सांगितली होती: पावतीवर मुदतीनंतरची सूचना काय आहे ते बघ. 'मुदतीनंतर आपोआप नूतनीकरण' असं लिहिलेलं असेल तर १० मार्चला पैसे खात्यात येण्याऐवजी पुन्हा १८ महिने १० दिवसांसाठी अडकतील. आणि सूचना काहीच नसेल, पैसे तसेच पडून राहिले, तर २०२१ पासूनच्या नियमानुसार पुढच्या काळाला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा दर यांपैकी कमी असेल तो लागतो. पावतीवर खरोखरच नूतनीकरणाची खूण केलेली निघाली. त्यानं आईकडून ती तिथल्या तिथं बदलून घेतली.

३ मार्चला कर्जाचे अडीच लाख खात्यात आले आणि चेक वटला. १० मार्चला ठेव संपली, बँकेनं कर्ज आणि त्याचे ४३२ रुपये वळते करून घेतले आणि उरलेले ८३,११७ रुपये आईच्या खात्यात जमा झाले. संध्याकाळी त्यानं मला पासबुकाच्या त्या पानाचा फोटो पाठवला. या वेळी पान खालपर्यंत पूर्ण आलं होतं.